डोमाजीचा पंप, नलूची गांडुळं

बोरखेडीत दोन डोमाजी होते. एक किराणावाला, दुसरा पंपवाला. आपली गोष्ट पंपवाल्याची. त्याच्याजवळ एक एकर सोडा, अर्धा गुंठा जमीन नव्हती. पण नेरच्या बाजूला कापसाचं असं एकही मोठं वावर नव्हतं, की जिथल्या तासातून, म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधून, तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गेला नसेल. डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हातात नळी, आणि पाय मागे-पुढे न अडखळता सरळ रेषेत. औषध कमी-जास्त पडायचं नाही, झाड सुटायचं नाही. नोझल तुंबलं तर डोमाजी ते काढून तोंडाने फुंकायचा, की काम पुढे सुरू. शेतमालक त्याला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवत. माणसाला कशाचा तरी तोरा असतो. डोमाजीला पंपाचा होता.

मग ते वर्ष आलं. बोंडअळीने कहर केला होता, कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती आणि जो तो जास्त जहाल औषध आणत होता. खालच्या झाडावर मारणं वेगळं आणि तोंडाच्या उंचीवर मारणं वेगळं. सगळा फवारा अंगावर येत होता. जिल्ह्यात त्या हंगामात माणसं आंधळी झाली, मेली. डोमाजीही एका दुपारी पुंडलिकराव ह्या शेतमालकाच्या वावरात तासातच बसला. डोळ्यांपुढे धुकं, तोंडातून लाळ. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला, घरी आला, आणि पुढे कितीतरी दिवस दारातल्या बाभळीकडे बघून "ते झाडच हाय न वं?" असं बायकोला विचारत राहिला.

बायको नलू. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिने त्या दिवसांत एक शब्द काढला नाही. तो स्वतःच्या पायाने विहिरीपर्यंत जाऊन आला, त्या संध्याकाळी मात्र बोलली.

"आता पंप पाठीवर घ्याचा नाई. सांगून ठेवतो."

"नाई घेत," डोमाजी म्हणाला.

म्हणायला काय जातं? पंप आढ्याला टांगलेलाच होता. श्रावण येईल, पऱ्हाटीवर मावा दिसेल, पुंडलिकराव दारात येऊन उभे राहतील, आणि आपण मुकाट्याने पंप खाली काढू, हे डोमाजीला ठाऊक होतं. नलूलाही ठाऊक होतं. निंदण-खुरपण बायांचं, डवरणी बैलवाल्याची. बिनजमिनीच्या गड्याला पावसाळ्यात फवारणीइतकी मजुरी दुसरं कोण देणार होतं? पुढचा श्रावण येण्याआधी घरात दुसरी काहीतरी मिळकत उभी करायची, एवढं एकच नलूच्या डोक्यात बसलं.

तिच्या हातात एक गोष्ट होती, शेण. पुंडलिकरावांच्या गोठ्यातला शेणपुंजा, म्हणजे सकाळचं शेण उचलून गोठा झाडायचं काम, ती वर्षानुवर्षं करत आली होती. विमलताईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या बायकोने, शेण तिचंच असं पहिल्यापासून ठरवून दिलं होतं. ती त्याच्या गोवऱ्या थापायची. आता घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या होत्या आणि गोवऱ्यांना कुत्रं विचारत नव्हतं. अशात बचत गटाच्या बायांना नेरला गांडूळखताचं प्रशिक्षण मिळालं. नलू गेली, आणि येताना वहीबिही काही न आणता सगळं डोक्यात भरून आली.

"शेणात किडे पाळाचे?" डोमाजी हसला. "आजवर किडे माराचे पैसे घेतले मी. आता तू त्याइले पोसशीन."

"हो. तुमी मारा, मी पोसतो. पाहू कोण जास्त कमावते."

दिवाळी होऊन गेल्यावर घरामागे, भिंतीच्या सावलीला, तिने जागा धरली. तुराट्यांचा मांडव घातला, वर पळसाची पानं आणि गवत पसरलं. खाली विटा लावून वाफा केला, दहा फूट लांब, तीन फूट रुंद, गुडघ्याहून जरा कमी उंच. पाणी साचू नये म्हणून एका बाजूला किंचित उतार. डोमाजीने विटा रचून दिल्या, मनातून हसतच. तळाला तिने बारीक तोडलेल्या तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, अंथरलं, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वाळला पाला, आणि मग शेण. पण ताजं शेण नाही. ते तिने आधीच बाजूला ढीग करून, पाणी मारून, वरखाली करून मुरवत ठेवलं होतं.

"ताजं शेण आतून तापते," ती म्हणाली. "त्यात सोडले तं भाजून मरतीन बिचारे." रोज सकाळी ती ढिगात कोपरापर्यंत हात घाली. एके दिवशी हात काढून तिने तो डोमाजीच्या गालाला लावला. हात गार होता. डोमाजी ओरडला, नलू हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली होती.

नेरहून लाल गांडुळं आणली, ती वाफ्यावर सोडली, वरून ओल्या पोत्यांनी झाकलं. भोवती राखेची रेघ ओढली, मुंग्या येऊ नयेत म्हणून. कोंबड्यांसाठी बाजूंनी जुनी जाळी लावली, कारण शेजारच्या कोंबड्यांना ही मेजवानी लांबूनच कळली होती. एकदा डोमाजीने पाहिलं, की नलू मूठभर शेण हातात घेऊन दाबते आहे.

"हे काय?"

"ओल पाहून राह्यली. दाबलं का गोळा झाला पाह्यजे, बोटाइतून एखादा थेंब दिसला पाह्यजे. धार लागली तं जास्त, गोळा फुटला तं कमी. जास्त झालं तं जीव गुदमरते, कमी झालं तं सुकून मरते."

फाल्गुनात पहिलं खत निघालं. काळंभोर, दाणेदार, हातात घेतलं तर चहाच्या पुडीसारखं, आणि वास पावसानंतरच्या मातीचा. नेरचा एक रोपवाटिकेवाला येऊन सगळं उचलून घेऊन गेला आणि "अजून निघालं की सांगा" म्हणाला. रक्कम फार नव्हती, पण डोमाजीने रात्री जेवताना दोनदा विचारलं, "थो खरंच अजून घेतो म्हणला?" गांडुळंही दुप्पट-तिप्पट झाली होती. त्यातली चांगली घमेलंभर नलूने लालीबाईला देऊन टाकली.

लालीबाई जवळच्या तांड्यावरची. गोरमाटी, म्हणजे बंजारा बाई, चार गाई, तोंडभर हसू. ती बघायला म्हणून आली होती आणि घमेलं घेऊन गेली. डोमाजी रात्री कुरकुरला. "विकत आणलेला माल असा वाटतात का वं?"

"विरजण मागाले कोणी आलं तं तुमी पैसे घेता का?" नलू म्हणाली. विषय संपला.

वाफा पुन्हा भरला, गांडुळं पुन्हा सोडली, आणि ऊन चढायला लागलं. आमच्या जिल्ह्याचा वैशाख कसा असतो हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. नलू सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून गुंडाने, म्हणजे कळशीने, पाणी आणी आणि ओंजळीओंजळीने पोत्यांवर शिंपडी. त्याच ऐन उन्हात आर्णीहून निरोप आला. डोमाजी-नलूची तिथे दिलेली मुलगी मोनाली हिचे दिवस भरले होते; सासरी दुसरं कोणी करणारं नव्हतं. नलूला जाणं भाग होतं.

निघताना तिने नवऱ्याला वाफ्यापाशी उभं करून सगळं पढवलं. पोतं कोरडं पडू द्यायचं नाही. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. मूठ दाबून पाहायची. कोंबडी आत शिरली तर हाकलायची. "लेकराले सांगतल्यासारखं सांगून राह्यली," डोमाजी चिडला. "माह्याइतका पाण्याचा अंदाज साऱ्या बोरखेडीत कोणाले हाय?"

"थेच तं भेव वाटते," नलू म्हणाली आणि एसटीत चढली.

पहिल्या दिवशी डोमाजीने तिच्यासारखंच ओंजळीने शिंपडलं. कंबर दुखली आणि पोतं अर्धं कोरडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने कंटाळून बादली तशीच ओतली. एका टोकाला चिखल झाला, दुसरं टोक तसंच. त्याने मूठ दाबली. पाण्याची धार लागली. डोमाजी ओशाळला. बायको आल्यावर काय म्हणेल हे त्याला शब्दशः ऐकू यायला लागलं. आत येऊन तो खाटेवर पडला, वर पाहिलं, आणि त्याला आढ्याला टांगलेला पंप दिसला.

आता सांगा, ह्यात त्याचं काय चुकलं? पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. बारीक, सगळीकडे सारखं. हेच काम तर तो आयुष्यभर करत आला होता. बायकोने हात दुखेपर्यंत ओंजळी टाकाव्या आणि घरात असा पंप नुसता लोंबत राहावा? आपल्याला हे आधी सुचलं कसं नाही, ह्याचंच त्याला नवल वाटलं. त्याने पंप खाली काढला. विहिरीवर नेऊन तीन वेळा खळखळून धुतला, हात आत घालून निरमा लावून घासला. नाकाशी धरून पाहिलं. वास तेवढा राहिला होता, पण वास तर त्याच्या सदऱ्यालाही होता. पंपाचा वास म्हणून त्याने सोडून दिलं.

आणि मग त्याने पोतं उचलून असं फवारलं म्हणता! धुक्यासारखं पाणी वाफ्यावर उतरलं. ना चिखल, ना कोरडा कोपरा. मूठ दाबली, तर गोळा झाला आणि बोटांतून बरोबर एक थेंब. डोमाजी एकटाच हसला. नलू आल्यावर तिला हे दाखवायचं आणि तिचं तोंड बघायचं, ह्या विचाराने त्याला दोन दिवस भूक जास्त लागली. सकाळ-संध्याकाळ तो पंप चालवत राहिला. पाठीवर ते ओझं पुन्हा आलं होतं, पण हे ओझं वेगळं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि नलूलाही तेच सांगणार होता. पाठीवर पंप नको म्हणाली होती, पण पाण्याचा पंप नको असं थोडंच म्हणाली होती?

पंप काढल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी पोतं उचललं, तर गांडुळं वर आली होती. नेहमी ती उजेड लागला की झर्रकन खाली जात. ही जाईनात. काही विटांच्या कडेला गोळा झाली होती, काही शेणावर वळवळत होती, उलटीसुलटी, जणू अंगाला आग लागली आहे. डोमाजीला वाटलं, ऊन झालं असेल. त्याने आणखी फवारलं. संध्याकाळपर्यंत ती ढिली पडली. अंगावर गाठी आल्यासारखी सुजली होती. त्याने एक उचललं, तर ते हातात सुतळीसारखं लोंबलं.

डोमाजी तिथेच बसला. वाफ्याच्या शेजारी पंप उभा होता आणि नोझलमधून अजून एकेक थेंब गळत होता. त्याने नोझल फिरवून काढलं. आत, वायसरच्या खाली, पिवळट चिकट काहीतरी जमलं होतं. नळीच्या आतही असणार. तिथे कोणाचा हात पोचतो? हेच नोझल तो इतकी वर्षं तोंडाने फुंकत आला होता. त्याच्या जिभेला एकदम कडवटपणा आला आणि त्याने चूळ भरली.

नलू बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी परतली. मोनालीला मुलगी झाली होती. पिशवीत सुंठेचे लाडू, चेहऱ्यावर आजी झाल्याचं तेज. "जयभीम, नातीनं तुमचं नाक घेतलं बरं का!" असं म्हणतच ती घरात शिरली आणि सरळ मागे गेली. डोमाजी तिच्या मागे गेला नाही. मागून पोतं उचलल्याचा आवाज आला. मग नलू दाराशी आली. हात शेणाने भरलेले.

"काय झालं?"

"ऊन," डोमाजी म्हणाला. "ऊन लई होतं."

बोलून गेला. अशा वेळी जिभेवर जे पहिलं येतं तेच निघतं, आणि मग ते परत घेणं पंप उचलण्यापेक्षा जड असतं. नलू खाली बसली. तिने नवऱ्याला एक शब्द लावला नाही. उलट स्वतःलाच लावायला लागली. "मांडव मीच ठेंगणा केला. गवत अजून टाकाले पाह्यजे होतं. लालीबाई म्हणत होती, झाडाखाली कर म्हणून. मलेच शहाणपणा. माह्याच्यानं नाई होत हे. जाऊ द्या, श्रावणात तुमाले जानंच हाय पंप घेऊन. कायले मी उगाच..." आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

डोमाजीने नलूला रडताना फार वेळा पाहिलं नव्हतं. त्याच्या आजारपणातही ती रडली नव्हती. आता ती रडत होती, ते त्याच्या खोटेपणावर. त्याला ते बघवेना.

"ऊन नव्हतं," तो म्हणाला. "मी पंपानं पाणी मारलं."

नलूने पदर खाली घेतला.

"धुतला होता. तीन डाव धुतला, निरमा लावून. तुह्या हाताले त्रास नको म्हणून... बारीक पडते न पाणी." त्याने हाताने फवारल्याची खूण केली. "मले वाटलं तुले दाखवीन."

आता घर डोक्यावर घेईल, असं डोमाजीला वाटलं. ती उठली. भिंतीला टेकवलेल्या पंपाकडे तिने पाहिलं, मग नवऱ्याकडे. जवळ येऊन त्याच्या मागे गेली आणि सदरा वर करून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, जिथे पट्ट्यांनी दोन काळे चट्टे पडले होते तिथे.

"तीन डाव धुतला," ती हळू म्हणाली. "तरी मेले. आन् तुमी न धुता घेऊन फिरले. माय माय माय."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नलूने सांगितलं होतं, तोंडाला फडकं बांधा म्हणून सरकारी गाडी भोंगा लावून सांगून गेली होती. डोमाजीने सगळ्यांना मान डोलावली होती. सुतळीसारखं लोंबणारं ते गांडूळ मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.  झोपायच्या आधी त्याने कोपऱ्यातली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि पंपाच्या टाकीत आरपार घातली. पट्टे कापून टाकले.

"विकला असता कोणाले," नलू म्हणाली.

"मंग दुसऱ्याच्या पाठीवर गेला असता."

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि पांढऱ्या लुगड्यातली नलू घरी येऊन लुगडं बदलून वाफ्याला भिडली. वरचा थर सगळा खरवडला. मधला तपासला. तळाशी, जिथे डोमाजीने पहिल्यांदा बादली ओतून चिखल केला होता त्या टोकाच्या विटांखाली, थोडी जिवंत सापडली. ती तिने धुऊन वेगळ्या मडक्यात ठेवली. बाकीचं सगळं शेण उपसून लांब खड्ड्यात गाडलं. फुकट गेलं म्हणून तिला हळहळ वाटली, पण ते ना वाफ्यात घालायचं ना कोणाला विकायचं. विटा धुऊन उन्हात घातल्या. मुरलेलं शेण बाजूच्या ढिगात होतंच. पण मडक्यातल्या मूठभर जिवांनी वाफा कधी भरायचा? पाऊस येईल, श्रावण येईल.

"तांड्यावर जाऊन येऊ," डोमाजी म्हणाला. विरजणावरून झालेलं बोलणं त्याला आठवत होतं, आणि नलूलाही आठवत होतं. तिने नुसतं टोपलं उचललं, हे तिचे उपकार.

लालीबाईने गोठ्यामागच्या आंब्याखाली फुटकी टाकी मातीत बसवली होती. तिला ना दहा फूट माहीत ना उतार. गाईचं मुरलेलं शेण टाकायची, आंब्याचा पाला टाकायची, येता-जाता घागरीतलं उरलेलं पाणी शिंपडायची. तिने पोतं बाजूला केलं, तर आत लाल गांडुळांचे झुबकेच्या झुबके. नलूच्या तोंडून "अगं माय!" निघालं.

"ने गं बाई, पाह्यजे तेवढे ने," लालीबाई म्हणाली. "तुह्याच घरचे हायेत. माहेरी चालले म्हण." डोमाजीने काय झालं ते सांगितलं, काही न लपवता. लालीबाईचं हसू गेलं. तिचा दीर खेमसिंगही फवारणीला जायचा. "त्याले सांगतो मी," ती म्हणाली आणि तिने टाकीत हात घातला.

शेणासकट गांडुळं टोपल्यात भरली, वर ओलं फडकं टाकलं. नलू टोपलं डोक्यावर घ्यायला गेली, तर डोमाजीने ते दोरी लावून पाठीवर बांधलं. ओल पाझरून सदरा भिजला. घरी पोचेपर्यंत त्याने ते कुठेच खाली टेकवलं नाही.

ह्या खेपेला नलूने घाई केली नाही. नव्या शेणात आधी थोडीच सोडली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. ती खाली गेलेली होती, अंगाने तकतकीत. मग बाकीची सोडली. डोमाजीने तेलाचा रिकामा डबा आणला. रॉकेलचा नाही बरं, गोड्या तेलाचा. तोही नलूने त्याच्याकडून राखेने घासून घेतला आणि हुंगून पाहिला. त्याच्या बुडाला खिळ्याने बारीक भोकं पाडली. डब्यात पाणी घेऊन तो वाफ्यावरून फिरवायचा, पंपाच्या नळीसारखाच, सरळ रेषेत, न अडखळता. पाणी बारीक आणि सारखं पडायचं. त्याची विद्या वाया गेली नाही, एवढं त्याला बरं वाटलं.

पाऊस लागला. आता पाणी कमी आणि गळती जास्त बघावी लागे. मांडवावर प्लास्टिक टाकलं, वाफ्याभोवती चर काढला. श्रावणात वरचा थर काळा आणि भुसभुशीत झाला, शेणाचा वास गेला. नलूने पाणी बंद केलं. चार-पाच दिवस वाफा तसाच ठेवला, म्हणजे वरचं खत मोकळं होतं आणि गांडुळं ओलीच्या मागे खाली जातात. मग एका उघडीपीच्या सकाळी तिने मांडवाच्या कडेला, उजेडात, ताडपत्री अंथरली आणि वाफ्यातलं खत काढून तिच्यावर ढीग घातले, टोकदार, खळ्यातल्या राशीसारखे.

"आता काय?" डोमाजीने विचारलं, ठाऊक असूनही.

"आता बसा. उजेड लागला का ते आपोआप तळाशी जाते. वरचं वरचं काढत राहाचं."

ते दोघं ढिगाच्या दोन बाजूंना बसून हलक्या हाताने वरचं खत ओढत होते, चाळणीत टाकत होते, आणि दारातून आवाज आला. "डोमा, हायेस का रे?"

पुंडलिकराव. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. डोमाजीला त्या दिवशी त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं होतं. पण पऱ्हाटी त्यांचीही होती आणि मावा तिच्यावरही पडला होता. ते उभ्यानेच बोलले. नलूचा हात थांबला. ज्या घडीसाठी तिने दिवाळीपासून हातपाय मारले, ती दारात येऊन उभी होती.

"पंप फोडला म्हणते गाव," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या घरचा हाय, नवाच. दोन दिवसाचं काम हाय रे. औषध बी यंदा हलकं आणलं. दुकानदार म्हणते, माणसाले काई होत नाई."

डोमाजीने मान खाली घातली. समोर उभा होता तो त्याचा जीव वाचवणारा माणूस. 'नाही' हा शब्द त्याने पुंडलिकरावांना कधी म्हटलाच नव्हता. नलू त्याच्याकडे बघत नव्हती. चाळणी तिच्या मांडीवर तशीच होती.

डोमाजीने दोन्ही हातांनी ढिगाचं उरलेलं खत बाजूला केलं. तळाशी, ताडपत्रीवर, गांडुळं एकमेकांत गुंतून गोळा झाली होती, लाल, जिवंत, सगळी मिळून हलणारी.

"भाऊ," तो म्हणाला, "नवा पंप घेऊन या. औषध नका टाकू. औषधाचा रिकामा डबा तीन डाव धुवा, मंग त्यातलं पाणी पंपात भरा, आन् ह्याइच्यावर एक हात मारा. हे जगले तं मी आताच येतो तुमच्यासंगं."

पुंडलिकराव हसले. मग वाकून पाहायला लागले. मग डोमाजीने वैशाखातली हकिगत सांगितली. निरमा, नोझलमधलं पिवळं, सगळं. सांगताना त्याने आवाज चढवला नाही. "एवढ्याश्या पाण्यानं मेले हो भाऊ. धुतलेल्या पंपातल्या पाण्यानं. मले आता येता येत नाई. मी तुमचा उपकार ईसरलो नाई, पण येता येत नाई."

 पुंडलिकरावांनी हात पुढे करून एक गांडूळ तळव्यावर घेतलं. ते त्यांच्या बोटांच्या सांध्यात शिरायला बघत होतं. ते बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"ऋतिक गेला सकाळपासून, जुना पंप घेऊन," ते एकदम म्हणाले. ऋतिक त्यांचा एकुलता एक मुलगा, कॉलेज सोडून घरी बसलेला. "कोणी मजूर भेटे ना, तं म्हणे मीच मारतो. तोंडाले काही बांधलं का नाई, म्या पाह्यलंच नाई."

त्यांनी गांडूळ परत ढिगावर ठेवलं, हळूच, आणि वळले. दारातली एक चप्पल पायात आली, दुसरी आली नाही. तसेच ते वावराच्या वाटेने निघाले, आधी भराभर, मग धावत. पन्नाशीचा, धोतर सावरणारा माणूस चिखलातून धावत होता आणि "ऋतिक, ए ऋतिक" अशा हाका मारत होता. हाका बराच वेळ ऐकू येत राहिल्या.

थोड्या वेळाने बांधावरून दोघं परत येताना दिसले. पोरगा पुढे, बाप मागे, आणि पंप कोणाच्याच पाठीवर नव्हता. नलूने तेवढं पाहिलं आणि चाळणी पुन्हा हलवायला घेतली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"ती चप्पल नेऊन द्या त्याइची," ती म्हणाली. "आन् जाता जाता विमलताईले सांगा, शेण उद्या जरा जास्त लागन म्हणा. दुसरा वाफा भराचा हाय."